एका हप्त्याच्या नोंदीच्या प्रती कुठे कुठे राहतात?

प्रश्न: आमची पुण्यात वीस जणांची कंपनी आहे. दोन बँका आणि काही पतसंस्थांसाठी कर्जाचे हप्ते ऑनलाइन भरून घेण्याचं सॉफ्टवेअर चालवतो. सगळं एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आहे, फक्त डीआर, म्हणजे आपत्तीसाठीची राखीव यंत्रणा, सिंगापूरला. एका बँकेच्या ऑडिटरने ‘डेटा फक्त भारतातच साठवला जातो’ असं सहीनिशी मागितलंय. डेटाबेस एन्क्रिप्टेड आहे. सही केली तर चालेल ना? आता एका हॉस्पिटलचं कामही येतंय, त्यांनाही हेच नियम लागतात का?

उत्तर:

सही करू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

सिंगापूरचा डीआर ही तुमच्या मांडणीतली उघड चूक आहे आणि ती दुरुस्त करायला सोपी आहे. मला जास्त काळजी वाटते ती ‘सगळं मुंबईत आहे’ या वाक्याची. मी चौदा वर्षं याच कामात आहे. आधी एका बँकेच्या आयटी विभागात होते, आता अशा ऑडिटची तयारी करून देते. ‘सगळं’ म्हणताना लोकांच्या डोळ्यासमोर डेटाबेस असतो. ऑडिटर मात्र नोंदीबद्दल विचारत असतो. डेटाबेस एका जागी असतो, नोंद दहा ठिकाणी असते.

तुम्हाला बांधणारा नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात आहे. पेमेंट व्यवस्थेचा संपूर्ण डेटा फक्त भारतातल्या यंत्रणेत साठवा, एवढंच ते सांगतं. परिपत्रक छोटं आहे. खरा अर्थ जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या प्रश्नोत्तरांतून कळतो, ती एकदा सगळ्या टीमने बसून वाचा. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. हा नियम केवळ परवानाधारक संस्थेपुरता नाही; तिने नेमलेले गेटवे, सेवा पुरवणारे आणि इतर व्हेंडरही त्यात येतात, म्हणजे तुम्हीही आलात. जबाबदारी अखेर परवानाधारकाची असते, म्हणून तर ती बँक तुमच्याकडून लिहून मागते आहे. दुसरं, प्रक्रिया परदेशात करायला बंदी नाही, पण तशी केली तर एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यांतलं जे आधी येईल तेवढ्यात डेटा भारतात आणून तिकडचा पुसायचा. तिसरं, डेटा म्हणजे काय याची यादी दिली आहे आणि ती लोकांना वाटते त्याहून बरीच लांब आहे. त्यात नाव, मोबाइल, ईमेल, पॅन आहेत, खाते क्रमांक आहेत, ओटीपी आणि पिन आहेत. शिवाय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कमही आहे.

त्या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. नाव नाही, खाते क्रमांक नाही, फक्त संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम असलेली लॉगमधली एक ओळसुद्धा पेमेंट डेटाच ठरते. ‘आम्ही लॉगमध्ये ग्राहकाची माहिती टाकत नाही’ हा बचाव इथे पुरत नाही.

‘एन्क्रिप्टेड आहे’ हाही नाही. परिपत्रकात एन्क्रिप्शनसाठी सूट कुठेच नाही. सिंगापूरला सतत चालणारी रेप्लिका म्हणजे परदेशात साठवलेला डेटा, किल्ली कोणाकडेही असो. २४ तासांची सवलत प्रक्रियेसाठी आहे. कायमचा पडून असलेला स्नॅपशॉट तिच्यात बसत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. दुबईतला मुलगा तिकडच्या कार्डावरून आईच्या घराचा हप्ता भरत असेल, तर असा व्यवहार सीमेपलीकडचा ठरतो आणि त्याच्या देशांतर्गत भागाची प्रत गरज असेल तर परदेशातही ठेवता येते. तुमच्या रोजच्या हप्त्यांना हा अपवाद लागत नाही.

हे कागदापुरतं आहे असं कोणाला वाटत असेल तर २०२१ आठवा. याच परिपत्रकाचं पालन झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मग मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. मास्टरकार्डवरची मनाई उठायला जून २०२२ उजाडला.

आता प्रती शोधायच्या कशा ते सांगते. आर्किटेक्चरच्या आकृतीवरून शोधू नका. आकृती काढणाऱ्याला जे आठवतं तेवढंच तिच्यात असतं. मी खुणेचा व्यवहार वापरते. प्रॉडक्शनमध्ये आपल्याच एका खात्यावरून एक खराखुरा हप्ता भरायचा, रक्कम विचित्र ठेवायची आणि नावात एखादा शब्द असा घालायचा जो दुसरीकडे कुठेच येणार नाही. दुसरा असाच व्यवहार मुद्दाम अयशस्वी होऊ द्यायचा. हा दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण डेटा बाहेर सांडतो तो बहुतेक वेळा चूक झाल्यावर. मग दोन दिवसांनी कंपनी वापरते त्या प्रत्येक साधनात तो शब्द, ती रक्कम आणि तो संदर्भ क्रमांक शोधत बसायचं.

तुमच्यासारख्याच एका कंपनीत आम्ही ४१३ रुपये ७७ पैशांचा हप्ता असा पाठवला होता. डेटाबेस, त्याचे स्नॅपशॉट आणि ॲप्लिकेशनचे लॉग मुंबईतच सापडले, तिथवर सगळे खूश होते. मग अयशस्वी व्यवहार सापडला तो चुका नोंदवणाऱ्या एका ऑनलाइन साधनात, ज्याचे सर्व्हर अमेरिकेत होते. कोडमध्ये एक्सेप्शन आलं की त्या साधनाची लायब्ररी आलेली विनंती जशीच्या तशी आणि त्या क्षणीच्या व्हेरिएबलच्या किमती उचलून पाठवत होती. नाव, मोबाइल, खाते क्रमांक, सगळं. तिथे तो तीन महिने राहणार होता. कोणी मुद्दाम पाठवलं नव्हतं, ती लायब्ररीची मूळ सेटिंग होती. पुढे तोच व्यवहार मदतकेंद्राच्या तिकिटात निघाला, कारण ग्राहकाने पावतीचा स्क्रीनशॉट जोडला होता आणि तिकिटांचं सॉफ्टवेअरही बाहेरचं होतं. तिसरी जागा मला स्वतःला सुचली नसती: मार्केटिंगवाल्यांनी वेब पानावर बसवलेली एक स्क्रिप्ट. ग्राहक पान कसं वापरतो याचं ती रेकॉर्डिंग करत होती आणि रक्कम भरल्याचं पानही त्यात येत होतं.

ही तिसरी गळती तुमच्या सर्व्हरच्या कुठल्याही लॉगमध्ये दिसणार नाही. डेटा ग्राहकाच्या फोनवरून थेट परदेशात जातो, तुमच्या नेटवर्कला शिवतही नाही. ती पकडायला ब्राउझरमधली नेटवर्कची टॅब उघडून हप्ता भरायचा आणि कुठल्या कुठल्या डोमेनला विनंत्या जातात ते उतरवून घ्यायचं. सर्व्हरच्या बाजूने जे जातं त्यासाठी राउट ५३ रिझॉल्व्हरचे क्वेरी लॉग आठवडाभर चालू ठेवा. सर्व्हरने कोणकोणती डोमेन विचारली त्याची यादी मिळते, आणि त्या यादीत एखादं तरी नाव असं निघतं जे कुणालाच ओळखता येत नाही.

सापडलेल्या प्रत्येक जागेवर उपाय वेगळा. चुकांच्या साधनाला पाठवण्याआधी आपल्याच कोडमध्ये विनंतीचा मजकूर काढून टाका, किंवा ते साधन मुंबईत स्वतः चालवा. साधनाच्या वेबसाइटवर जाऊन ‘संवेदनशील माहिती लपवा’ हा पर्याय चालू करून भागत नाही. तोवर डेटा तिकडे पोहोचलेला असतो. पैसे भरण्याच्या पानांवर बाहेरची स्क्रिप्ट नकोच. आणि घाबरून लॉगच बंद करायचा मोह आवरा, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावेच लागतात.

जुने स्नॅपशॉट कुठे पडलेत ते पाहायला एवढं पुरे:

```bash
for r in $(aws ec2 describe-regions \
  --query "Regions[].RegionName" --output text); do
  echo "$r"
  aws ec2 describe-snapshots --owner-ids self \
    --region "$r" --query "length(Snapshots)"
  aws rds describe-db-snapshots \
    --region "$r" --query "length(DBSnapshots)"
done
```

प्रत्येक खात्यात चालवा, टेस्टिंगच्या खात्यात तर नक्कीच. प्रॉडक्शनचा डेटा ‘जरा तपासायला’ उचलून टेस्टिंगमध्ये टाकलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता आधी तिकडेच बघते.

साफसफाई झाल्यावर दार लावायचं. ऑर्गनायझेशनच्या पातळीवर भारताबाहेरचे रीजन बंद करणारी पॉलिसी साधारण अशी असते:

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Sid": "DenyOutsideIndia",
    "Effect": "Deny",
    "NotAction": ["iam:*", "organizations:*", "sts:*",
      "route53:*", "cloudfront:*", "support:*"],
    "Resource": "*",
    "Condition": {"StringNotEquals": {
      "aws:RequestedRegion": ["ap-south-1", "ap-south-2"]
    }}
  }]
}
```

`NotAction` मधली यादी तुमच्या वापराप्रमाणे वाढेल. क्लाउडफ्रंटचं सर्टिफिकेट `us-east-1` मध्येच ठेवावं लागतं, त्यामुळे ते वापरत असाल तर त्याला वाट ठेवावी लागते.

या पॉलिसीवर मात्र लोक नको इतका विश्वास टाकतात. ती काय पाहते? आज्ञा कुठल्या रीजनच्या दारात आली, एवढंच. डेटा शेवटी कुठे पोहोचला हे ती पाहत नाही. ईबीएस डिस्कचा किंवा आरडीएस डेटाबेसचा स्नॅपशॉट सिंगापूरला कॉपी करायचा तर आज्ञा सिंगापूरच्या दारात द्यावी लागते, म्हणून ती अडते. फाइल साठवायच्या एस३ बकेटवर रेप्लिकेशन लावायची आज्ञा मात्र मूळ बकेटच्या रीजनमध्ये, म्हणजे मुंबईत दिली जाते. पॉलिसीला ती अस्सल भारतीय वाटते. पलीकडची बकेट दुसऱ्या कोणाच्या खात्यात, दुसऱ्या देशात असेल तरी ही पॉलिसी गप्प राहते. म्हणून `s3:PutReplicationConfiguration` ठरावीक भूमिका सोडून सर्वांना वेगळी बंद करा. तसंच बंगळुरूचा माणूस असो की बर्लिनचा, लॅपटॉपवरून मुंबईच्या बकेटमधली फाइल उतरवून घेतली तर या पॉलिसीच्या लेखी दोन्ही विनंत्या मुंबईच्याच. आणि ऑर्गनायझेशनच्या मुख्य खात्याला या पॉलिसी लागूच होत नाहीत, त्यामुळे त्या खात्यात काही चालवू नका.

क्लाउडफ्रंटवरून ग्राहकांना पावत्या किंवा खातेउतारे देत असाल तर तेही तपासा. कॅश जगभरच्या केंद्रांवर होऊ शकते, म्हणून अशा उत्तरांना `Cache-Control: no-store` लावा.

आता डीआर. दुसरा रीजन लागतोच, त्यात वाद नाही. एकाच रीजनमधले तीन झोन वीज गेली किंवा एखादी इमारत बंद पडली तर उपयोगी पडतात, पण ते सगळे एकाच महानगराच्या परिसरात असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेल्याला ‘तीन झोन आहेत ना’ हे उत्तर देऊन बघा! २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत एडब्ल्यूएसचा भारतात एकच रीजन होता, म्हणून बऱ्याच जणांनी तेव्हा सिंगापूर धरलं. तुमचंही तसंच झालं असावं. आता हैदराबाद आहे, `ap-south-2`. अझूरवर असाल तर पुण्याचा सेंट्रल इंडिया आणि चेन्नईचा साउथ इंडिया ही जोडीच आहे. गूगलकडे मुंबई आणि दिल्ली आहेत.

हैदराबादला हलताना तीन गोष्टी आडव्या येतात. हा रीजन आपोआप उघडा नसतो, प्रत्येक खात्यात तो चालू करावा लागतो. केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेतली साधी किल्ली रीजनपुरती असते, म्हणून स्नॅपशॉट तिकडे नेताना तिकडची किल्ली लागते. मुंबईच्या किल्लीने बंद केलेला डेटा मुंबई पडल्यावर हैदराबादला उघडणार नाही. आणि मुंबईत मिळणारी प्रत्येक सेवा किंवा प्रत्येक प्रकारचं मशीन तिथे मिळेलच असं नाही, ते आधी यादीवरून पडताळा. अंतरामुळे प्रत्येक व्यवहार दोन्हीकडे एकाच वेळी लिहिणं परवडत नाही, म्हणून प्रत मागून जाते आणि अपघातात शेवटचे काही सेकंद जाऊ शकतात. किती सेकंद चालतील हे तुम्ही ठरवायचं नाही. बँकेकडून लेखी घ्या आणि ते सेकंद बँकेच्या नोंदींशी जुळवून परत कसे भरणार तेही लिहून ठेवा.

मग सराव करा. आमच्या पहिल्या सरावात डेटाबेस हैदराबादला पाऊण तासात उभा राहिला आणि आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. ॲप्लिकेशन मात्र उठेना, कारण कंटेनरच्या इमेज आणि पासवर्ड दोन्ही फक्त मुंबईत होते आणि सरावाच्या अटीनुसार मुंबई ‘बुडालेली’ होती. डेटाच्या जागेची चिंता करता करता बाकीचं सामान न्यायचं राहून गेलं.

सिंगापूरची प्रत पुसायची घाई करू नका. आधी हैदराबादच्या प्रतीवरून डेटाबेस उभा करून रकमांच्या बेरजा जुळवा, मगच पुसा. पुसताना कोणी, कधी, काय पुसलं त्याचे क्लाउडट्रेलचे लॉग जपा. ऑडिटर ते मागतोच. आणि तिकडे प्रत होती ही गोष्ट बँकेपासून लपवू नका. तारखांसकट तुम्ही आपणहून सांगितलेली चूक निस्तरता येते. ऑडिटरला जुन्या बिलात सिंगापूरच्या स्टोरेजची ओळ सापडली तर उत्तर देणं अवघड होतं. बिलं ते पाहतात, मीही पाहते. रीजनवार बिल हा डेटा कुठे आहे याचा सर्वात प्रामाणिक साक्षीदार आहे.

हॉस्पिटलचं गणित वेगळं आहे, ते याच मापाने मोजू नका. रुग्णाच्या नोंदी भारतातच ठेवा असं सांगणारा, २०१८ च्या त्या परिपत्रकासारखा सर्वांना लागू होणारा आरोग्याचा नियम नाही. २०१८ मध्येच ‘दिशा’ नावाचा मसुदा आला होता, त्याचा कायदा झाला नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा परदेशी पाठवण्याला सरसकट बंदी करत नाही; सरकार अधिसूचनेने ज्या देशांना मनाई करेल तिथे पाठवता येत नाही, आणि दुसरा एखादा कायदा जास्त कडक असेल तर तोच चालतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, तेव्हा करार करताना त्या दिवशीची स्थिती पाहा.

मग हॉस्पिटलला बांधतं कोण? बहुतेक वेळा शेजारचा. कॅशलेस दाव्यांची माहिती विमा कंपनीकडे जाते आणि विमा नियामकाने २०१५ च्या नियमांत भारतातल्या पॉलिसी आणि दाव्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये ठेवायला सांगितलं. ती अट विमा कंपनीच्या करारातून हॉस्पिटलकडे आणि तिथून तुमच्याकडे घरंगळत येऊ शकते. सरकारी रुग्णालय असेल तर निविदेतली अट वाचा. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘तुमचे करार कोणाकोणाशी आहेत’ हा असतो, रीजनचं नंतर.

तिथल्या गळत्याही निराळ्या. एमआरआयच्या डायकॉम फाइलमध्ये चित्राबरोबरच रुग्णाचं नाव आणि क्रमांक हेडरमध्ये असतात, `(0010,0010)` आणि `(0010,0020)` या टॅगमध्ये. हेडर पुसलं तरी सोनोग्राफीच्या चित्रात मशीनने नाव थेट कोपऱ्यात छापलेलं असतं, ते पिक्सेलमध्ये असतं आणि हेडर पुसून जात नाही. रात्रीचे स्कॅन परदेशातला रेडिओलॉजिस्ट वाचत असेल तर त्याच्या संगणकावर प्रती साठत जातात. अशा वेळी त्याला फाइल न देता मुंबईतल्याच व्ह्यूअरवर पाहायला द्या आणि संगणकावर उतरवून घ्यायची सोय बंद ठेवा.

आता बँकेच्या त्या कागदाबद्दल. ‘डेटा फक्त भारतातच साठवला जातो’ या एका ओळीवर सही करण्यापेक्षा मी जोडपत्र देते. त्यात प्रत्येक जागा येते: डेटाबेस, बॅकअप, लॉग, चुकांचं साधन, तिकिटं, एसएमएस आणि ईमेल पाठवणारे. प्रत्येकापुढे रीजन, तिथे नोंदीतलं नेमकं काय जातं, किती दिवस राहतं आणि हे कोणत्या तारखेच्या खुणेच्या व्यवहाराने तपासलं ते लिहायचं. सिंगापूरच्या प्रतीसाठी वेगळी ओळ, पुसल्याच्या तारखेसह. परवानाधारकाला सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून अहवाल घेऊन तो आपल्या संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे असा कागद बँकेलाही हवाच असतो. मुदत कमी असेल तर बँकेकडून तीन आठवडे मागून घ्या. खुणेचा व्यवहार, हैदराबादची प्रत आणि एक सराव एवढं त्यात बसतं.